रोज एक पेग हृदयाला चांगला? पेपर तिन्ही कसोट्यांत पास, मग अडतंय कुठे?

सीए_सुमेध
मंडळी, जरा मदत हवी आहे.

सासरेबुवा रोज संध्याकाळी एक पेग घेतात आणि त्याला 'औषध' म्हणतात. मी कधी काही बोललो की कात्रणं बाहेर येतात. या वेळी त्यांनी थेट मूळ पेपर छापून आणला. न्यू इंग्लंड जर्नल, १९९७. अमेरिकेतली ४ लाख ९० हजार माणसं. १९८२ मध्ये त्यांना दारूबद्दल विचारलं आणि पुढची नऊ वर्षं मृत्यू मोजले. रोज निदान एक ड्रिंक घेणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू न घेणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के कमी.

मी खोट काढायला बसलो. अशा पेपरात तीन गोष्टी बघतात एवढं मला माहीत आहे: कारण परिणामाच्या आधी आलं का, मात्रा बदलली की परिणाम बदलतो का, आणि इतर ठिकाणीही तेच दिसतं का. आधी दारू विचारली, मृत्यू नंतर मोजले. मात्रेप्रमाणे धोका बदलतो. थोडी घेणाऱ्यांत एकूण मृत्यू सगळ्यात कमी, पुढे वाढत जातात. आणि असे पेपर डझनांनी आहेत. हिशेब चोख दिसतोय. तरी आताचे डॉक्टर म्हणतात की हृदयासाठी पिऊ नका. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे?

(पेग वाईट की चांगला यावर भांडण नको. पुरावा कसा वाचायचा हे विचारतोय.)

खादाड_खंडू
भांडण नको म्हणून धागा काढलात? चकणा घेऊन बसलोय.

गणिती
सोपं आहे. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले नसतील तर असले पेपर रद्दीत घालावेत. विषय संपला.

मोरया७२
आमचे आजोबा रोज एक घ्यायचे. ९२ वर्षं जगले. शेवटपर्यंत दात स्वतःचे.

खादाड_खंडू
@मोरया७२ दात दारूमुळे टिकले की आजी चकणा देत नव्हती म्हणून?

कोल्हापुरी_चप्पल
मला फॅटी लिव्हर ग्रेड १ सांगितलंय. रेड वाइन चालेल का? आणि कुठली घ्यावी?

साथरोगी
@कोल्हापुरी_चप्पल, धागा त्याबद्दल नाही, पण लिव्हरवर आधीच चरबी असताना कुठलीच घेऊ नका. बाकी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

@गणिती, रद्दीत घालायचं तर सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा सगळा पुरावाही घालावा लागेल. कुणी चिठ्ठ्या टाकून माणसांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावली नव्हती. निरीक्षणावरून कारण ठरवता येतं, फक्त कष्ट जास्त पडतात. दारूचाही मोठा चिठ्ठ्यांचा प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता. त्याचा बराच पैसा दारू कंपन्यांकडून येतोय आणि आखणीच्या वेळी त्यांच्याशी बोलणी झालीत असं बाहेर आलं आणि २०१८ मध्ये तो बंद केला. म्हणजे निदान आज तरी निरीक्षणांतूनच वाट काढायची आहे.

सुमेध, मी मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवते. तुमचा प्रश्न मुलांपेक्षा बरा आहे, कारण तुम्ही तिन्ही कसोट्या लावल्या आणि तिन्हींवर टिकमार्क आला. टिकमार्क कशावर करतोय ते मात्र बघायला हवं. आज फक्त पहिली घेते.

तुम्ही म्हणता दारू आधी, मृत्यू नंतर. हा क्रम प्रश्नावली आणि मृत्यूच्या दाखल्याचा झाला. आपल्याला हवा आहे तो दारू आणि *आजार* यांचा. हृदयाचा आजार मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही, तो दहा-पंधरा वर्षं आधीपासून असतो. आणि आजारी पडलेला माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? १९८२ च्या प्रश्नावलीत 'घेत नाही' लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ती आजारामुळेच सोडलेली असणार. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे: आजार आधी, 'घेत नाही' नंतर.

निवृत्त_लेखापाल
साथरोगी ताई, तो माणूस मीच की!

बँकेत असताना पंचवीस-तीस वर्षं घेत होतो. जास्त नाही, शनिवारी मित्रांत आणि कधी मधे. ५४ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला, दोन स्टेंट बसले, त्या दिवसापासून बंद. पुढे सोसायटीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या मुलीने फॉर्म भरून घेतला: "काका, ड्रिंक्स घेता?" म्हटलं, नाही. तिने 'नाही' वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. आधी घेत होतात का, असा रकानाच नव्हता. मी खोटं बोललो नाही, तिने चुकीचं लिहिलं नाही. आणि माझ्या आधी रांगेत आमचे जोशी होते, आयुष्यात थेंब घेतला नाही, रोज पर्वती चढतात. ते आणि मी एकाच रकान्यात.

साथरोगी
काका, यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात देता आलं नसतं. ब्रिटनमध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं. २४ गावांतले ७,७३५ मध्यमवयीन पुरुष होते. सगळ्यांचा आलेख काढला तर यू आकाराचा: न पिणारे आणि भरपूर पिणारे जास्त मरतात, मधले कमी. पण त्यांनी तपासणीच्या वेळी कुणाला आधीच काही आजार होता ते वेगळं काढलं. पिणं सोडलेल्यांत आजार सगळ्यात जास्त निघाले. आजारी माणसं हळूहळू 'घेत नाही' आणि 'क्वचित' या गटांत सरकत होती आणि आलेखाचं डावं टोक वर उचलत होती.

सीए_सुमेध
हे पटतंय, पण असे लोक असून असून किती असणार? ४ लाख ९० हजारांत चार काका आले म्हणून ३० टक्क्यांचा फरक पडेल?

गणिती
हे मी सांगतो, हिशेब माझ्या खात्यातला आहे.

आकडे मनाचे घेतोय, फक्त गंमत बघा. समजा थोडी घेणाऱ्यांत आणि कधीच न घेतलेल्यांत धोका अगदी सारखा आहे, दहा वर्षांत शंभरातले १०. म्हणजे थोड्या दारूचा फायदा शून्य, तोटाही शून्य. आजारामुळे सोडलेल्यांत शंभरातले २०. आता 'घेत नाही' रकान्यात १,००० माणसं, त्यातली ८०० जोशी आणि २०० लेखापाल काका. मृत्यू किती? ८० आणि ४०, एकूण १२०. म्हणजे १२ टक्के.

आता तुलना करा. थोडी घेणारे १० टक्के, न घेणारे १२ टक्के. दहा भागिले बारा, ०.८३. पेपरात छापून येणार: माफक मद्यपानाने धोका १७ टक्के कमी! फायदा शून्य धरून सुरुवात केली होती.

आणि भरपूर पिणाऱ्यांचा खरा धोका १४ टक्के धरला तर? जोशींशी तुलना केली तर १.४ पट. या भेसळ रकान्याशी केली तर १४ भागिले १२, जेमतेम १.१७. म्हणजे थोडीचा फायदा फुगतो आणि जास्तीचा तोटा आकसतो, दोन्ही एकाच घोळातून. इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा आलेख तयार.

सीए_सुमेध
बाप रे. म्हणजे माझी दुसरी कसोटी, मात्रेची, तीही याच रकान्यावर उभी आहे. शून्य म्हणून जे पकडलं तेच शून्य नाही.

साथरोगी
अगदी. @गणिती, हे रद्दीवाल्याने केलंय म्हणून जास्त आवडलं. :)

मात्रेच्या कसोटीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की पायऱ्या-पायऱ्यांनी आलेख दिसला म्हणजे कारण पक्कं. घोळ जर मात्रेबरोबर बदलत असेल तर घोळही पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतो. आजार जितका जास्त तितकं पिणं कमी, असं असेल तर सुबक उतरता आलेख फुकट मिळतो.

दातांची_डॉक्टर
थोडं विषयांतर, पण मात्रेच्या कसोटीला सगळीकडे असंच झोडू नका. आमच्याकडे सातारा भागात पेशंट येतात. तोंड उघडायला सांगितलं की मी आधी विचारते, तंबाखूचा बार कुठल्या बाजूला धरता? ज्या गालात, ज्या ओठामागे बार धरतात, पांढरा चट्टा बहुतेक तिथेच असतो. दुसरा गाल साफ. माणूस तोच, खाणं तेच, गरिबी तीच, वय तेच. बदलली फक्त तंबाखूची मात्रा, एका गालात भरपूर आणि दुसऱ्यात कमी. इथे कुठला आजारी रकाना आणणार?

साथरोगी
@दातांची_डॉक्टर, वा! हे मी चोरणार. तुलना एकाच माणसाच्या दोन गालांत झाली, त्यामुळे बाकीचं सगळं आपोआप सारखं झालं. मात्रेच्या आलेखाला वजन येतं ते असं, दुसरं कुठलंच कारण त्या आकारात बसत नाही तेव्हा.

चोखंदळ
पण मग सिगारेटलाही हेच लागू नाही का? आजारी पडले की सिगारेटही सोडतात.

साथरोगी
लागू आहे, आणि दिसतंही. नुकतीच सोडलेल्यांत पहिली काही वर्षं मृत्यू जास्त सापडू शकतात, कारण काहींनी खोकल्यातून रक्त आल्यावर सोडलेली असते. पण पुढे बघत राहिलं की चित्र बदलतं. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला, तो पन्नास वर्षं चालला. साठीत सोडणाऱ्यांना साधारण तीन वर्षं आयुष्य जास्त मिळालं, तिशीत सोडणाऱ्यांना जवळपास दहा. कारण काढून घेतलं आणि वेळ जाऊ दिला, की धोका उतरतो, आणि जितकं लवकर काढलं तितका जास्त. काळाची कसोटी ही अशी लावायची असते.

त्यातले हिल म्हणजे ब्रॅडफर्ड हिल. १९६५ च्या भाषणात त्यांनी असे नऊ मुद्दे मांडले, सुमेधचे तीन त्यातलेच. पण हे टिकमार्क करायचे नियम नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. तो भाग कुणी वाचत नाही.

मोरया७२
आजोबांचा मुद्दा कुणी खोडला नाही, नोंद घ्यावी.

खादाड_खंडू
आजोबांसारखे रोज घेऊन ५५ ला गेलेल्यांचे नातू इथे तेवढ्या हौसेने लिहीत नाहीत, नोंद घेतली.

सीए_सुमेध
ठीक. पण तिसरी कसोटी राहिली. एक-दोन पेपर चुकले असतील. डझनांनी अभ्यास, वेगवेगळे देश, वेगवेगळे लोक, आणि सगळे एकच सांगतात. सगळेच चुकले?

गणिती
दहा शाखांचं ऑडिट केलंस, दहाही शाखांत एकच सॉफ्टवेअर आणि त्यात एकच चूक. दहाही ताळेबंद जुळतील. मग म्हणशील का, दहा पुरावे मिळाले?

सीए_सुमेध
दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस.

साथरोगी
स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ८७ अभ्यास एकत्र केले. नुसती बेरीज केली तर तोच 'जे' आकाराचा आलेख. सोडलेल्यांना न घेणाऱ्यांत घालणं आणि अभ्यासाच्या इतर त्रुटी यांचा हिशेब धरला, तर थोडी घेणाऱ्यांचा फायदा उरला नाही. म्हणजे ८७ जण एकमताने जे सांगत होते त्यातला मोठा भाग सामायिक चुकीचा होता.

एकवाक्यतेला किंमत येते ती चुका वेगवेगळ्या असू शकतील अशा ठिकाणी. ब्रिटन-अमेरिकेत रोज जेवणाबरोबर एक ग्लास घेणारा माणूस बहुधा बऱ्या पगाराचा, कमी सिगारेट ओढणारा, व्यायाम करणारा असतो. सोडलेल्यांना बाजूला काढलं तरी हा फरक उरतो. मग प्रश्न असा पडतो: थोडी पिणारा माणूस तिथल्यासारखा नसेल अशा समाजात काय दिसतं? इंटरहार्ट नावाचा अभ्यास ५२ देशांत झाला, २००४ मध्ये छापला. हृदयविकाराचा झटका आलेले आणि न आलेले यांची तुलना होती. सगळे देश मिळून दारूचा थोडा फायदा दिसला. दक्षिण आशियातल्या लोकांत, म्हणजे आपल्यात, दिसला नाही.

चोखंदळ
याचे दोन अर्थ होतात ना पण? एक, फायदा खोटा. दुसरा, आपण पितो कसे. तिकडे जेवणासोबत वाइन, इकडे शनिवारी एका बैठकीत क्वार्टर. मात्राच वेगळी आहे, शरीरही वेगळं असेल.

साथरोगी
बरोबर, आणि नुसत्या इंटरहार्टवरून या दोहोंत निवड करता येत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की 'सगळीकडे एकच दिसतं' हे विधान खरं नाही.

तोक्यो_मराठी
मी एका वेगळ्याच बाजूने येतो. इथे ऑफिसच्या पार्टीत माझ्या शेजारचा जपानी सहकारी अर्ध्या मग बिअरवर कानापर्यंत लाल होतो, छाती धडधडते, कपाळाला हात लावून बसतो. दारूच्या पचनातली एक पायरी त्याच्याकडे नीट चालत नाही, एएलडीएच२ हे जनुक वेगळं असल्यामुळे. असे लोक पूर्व आशियात खूप आहेत. तो आजारी आहे म्हणून पीत नाही असं नाही, गरीब आहे म्हणूनही नाही. जन्मतः तसा आहे. याचा उपयोग कुणी करून घेतला असेल ना?

साथरोगी
केलाय, आणि सुमेध, तुमच्या तिन्ही कसोट्या इथे नव्याने लागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

चीनमध्ये कडूरी बायोबँक म्हणून पाच लाखांवर माणसांचा अभ्यास चालू आहे. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी दारू आणि पक्षाघात यांवर लिहिलं. आधी नेहमीसारखं विचारलं, किती पिता? आलेख नेहमीचाच आला, आठवड्याला १०० ग्रॅम अल्कोहोलच्या आसपास घेणाऱ्या पुरुषांत धोका सगळ्यात कमी.

मग त्याच लोकसंख्येतल्या सुमारे १ लाख ६१ हजार माणसांचे जनुक तपासले आणि तोंडी उत्तराऐवजी जनुकावरून गट पाडले. जनुकांप्रमाणे पुरुषांचं सरासरी पिणं आठवड्याला ४ ग्रॅमपासून २५६ ग्रॅमपर्यंत बदलत होतं, म्हणजे विभागणी चांगली झाली. जनुक गर्भात ठरतो, चाळिशीतल्या अ‍ॅटॅकमुळे तो बदलत नाही. लेखापाल काकांचा रकाना इथे तयारच होऊ शकत नाही. कालक्रमाचा प्रश्न मुळातून सुटला.

निकाल? पक्षाघाताच्या बाबतीत यू गायब. रेषा सरळ वर. आठवड्याला २८० ग्रॅम वाढले की रक्ताच्या गुठळीने होणारा पक्षाघात २७ टक्के जास्त, मेंदूतल्या रक्तस्रावाचा ५८ टक्के जास्त. थोडीचा फायदा कुठेच नाही.

गणिती
शंका. तो जनुक दारूशिवाय आणखी काही करत असेल तर? किंवा चीनच्या एका भागात तो जास्त आणि त्याच भागात पक्षाघातही जास्त, असं असेल तर?

साथरोगी
छान शंका. त्याचं उत्तर बायकांनी दिलं. तिथल्या बायका जवळपास पीतच नाहीत. जनुक मात्र त्यांच्यातही तेच, प्रदेशही तेच. जनुक दुसऱ्या वाटेने काही करत असता, तर बायकांतही पक्षाघात वाढलेला दिसला असता. तसा दिसला नाही. परिणाम दारू पिणाऱ्यांतच आहे, म्हणजे वाट दारूचीच.

खादाड_खंडू
२८० ग्रॅम म्हणजे किती ते आमच्या भाषेत सांगा. ग्रॅममध्ये आम्ही फक्त फरसाण मोजतो.

गणिती
आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीचा स्मॉल म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. २८० ग्रॅम आठवड्याला म्हणजे रोज दोन लार्ज. क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम, एका बैठकीत.

निवृत्त_लेखापाल
घरी ओतलेला पेग ३० मिलीचा असतो हे गृहीतक कुठून आलं? सुमेध, सासरेबुवांचा एकदा मोजून बघा.

सीए_सुमेध
मोजला तर पुढची दिवाळी बाहेर काढावी लागेल.

ताई, आता हे सगळं पक्षाघाताबद्दल झालं. त्यांचा दावा हृदयाबद्दल आहे.

साथरोगी
हो, आणि तिथे मला तुम्हाला पूर्ण जिंकून देता येत नाही.

त्याच चिनी अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी जनुकाचा स्पष्ट संबंध दिसला नाही, ना फायदा ना तोटा. २०१४ मध्ये युरोपीय लोकांवर दुसऱ्या एका जनुकाचा अभ्यास झाला होता. त्या जनुकामुळे जन्मतः कमी पिणाऱ्यांत हृदयविकार कमी होता, अगदी माफक पिणाऱ्यांतही. हे फायद्याच्या उलट जातं. पण २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये सुमारे ६ लाख *पिणाऱ्यांचा* अभ्यास आला. न पिणारे त्यात घेतलेच नाहीत, म्हणजे भेसळ रकाना नाही. त्यात पिणं वाढलं की पक्षाघात वाढत होता, मात्र हृदयविकाराचा झटका किंचित कमी होत होता.

गणिती
म्हणजे माझा हिशेब सगळं स्पष्ट करत नाही. शून्याचा रकाना काढूनही झटक्याचा थोडा फायदा उरतो.

साथरोगी
उरतो. काही जण म्हणतात, दारूने एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वाढतं, त्यामुळे असेल. काही म्हणतात, श्रीमंत देशांत थोडी जास्त पिणारे आणि अगदी कमी पिणारे यांतही राहणीमानाचा फरक आहेच, तोच बोलतोय. मी दुसऱ्या बाजूला झुकते, पण माझ्या विभागातच याबाबत एकमत नाही. आणि हा फायदा खरा धरला तरी त्याच अभ्यासात एकूण मृत्यूंसाठी सगळ्यात कमी धोका आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत होता. पुढे चढच.

चोखंदळ
मग असा पेपर हातात आला की सामान्य माणसाने सगळ्यात आधी काय बघायचं? सगळेच काही जनुक तपासत बसणार नाहीत.

साथरोगी
सारांशातले टक्के सोडा आणि तुलना कुणाशी केली ते शोधा. 'न घेणारे' कोण, त्यात सोडलेले धरले का, हे कृतीच्या भागात किंवा तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत असतं. मग बघा, सुरुवातीला आजारी असलेले आणि पहिल्या दोन-चार वर्षांत गेलेले वगळून हिशेब पुन्हा केलाय का, आणि केल्यावर आकडा हलला का. हलला तर क्रम उलटा असल्याचा संशय. आणि पहिला तक्ता: थोडी पिणारे शिक्षण, पगार, सिगारेट यांत बाकीच्यांपेक्षा किती वेगळे आहेत. मी निम्मा वेळ तिथेच घालवते.

कोल्हापुरी_चप्पल
सगळं वाचलं. वाइन घेत नाही आता. पण फॉर्मवर काय लिहू, 'नाही' की 'सोडली'?

निवृत्त_लेखापाल
'सोडली' लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा. मी आता तसंच करतो, समोरची मुलगी वैतागते.

सीए_सुमेध
सासरेबुवांना धागा वाचायला दिला. ६ लाखांच्या अभ्यासातली झटक्याची ओळ त्यांनी पिवळ्या पेनाने अधोरेखित केली आहे. पक्षाघाताची ओळ तिच्या आधीचीच आहे, ती कोरी. रविवारी जेवायला बोलावलंय, पहिला तक्ता आणि बारीक अक्षरं तिथेच बघू म्हणतात.